विद्युतचुंबकत्वाची चार आठवड्यांची उजळणी, सोप्याकडून अवघडाकडे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा आराखडा नेमका कोणासाठी आहे?

बारावीचा अभ्यासक्रम एकदा वाचून झालाय, सूत्रं ओळखीची आहेत, पण सराव प्रश्नपत्रिका घेतली की विद्युत आणि चुंबकत्वाच्या प्रश्नांवर घड्याळ पळतं आणि पेन थांबतं, अशा मुलामुलींसाठी. धडे पहिल्यांदाच शिकणाऱ्याला चार आठवडे पुरणार नाहीत. राज्य मंडळाच्या बारावीच्या भौतिकशास्त्रात १६ धडे आहेत. त्यांतले स्थिर विद्युत, विद्युत धारा, धारेमुळे होणारं चुंबकीय क्षेत्र, चुंबकीय पदार्थ, इंडक्शन आणि एसी सर्किट हे ६ आपले. सीईटीत अकरावीचाही साधारण २० टक्के भाग येतो, त्यामुळे अकरावीचा स्थिर विद्युतचा धडा शेजारी उघडा ठेवा.

पुस्तकातला क्रम का मोडायचा?

पुस्तकाचा क्रम शिकायला उत्तम आहे. उजळणीला मात्र तो दगा देतो. कूलॉम्बपासून सुरुवात केली की पहिल्याच दिवशी व्हेक्टर, दुसऱ्या दिवशी रिंगचं इंटिग्रेशन, तिसऱ्या दिवशी डायपोल. पहिल्या धड्यात दहा दिवस जातात आणि एसीच्या वाट्याला एक रात्र येते. पुण्यात इतकी वर्षं शिकवताना ही गोष्ट मी दर उन्हाळ्यात पाहतो. मुलांच्या वह्या बघा, पहिली चाळीस पानं मोत्यासारख्या अक्षरात आणि शेवटची चार पानं घाईघाईत खरडलेली.

म्हणून मी अवघडपणा धड्यावरून ठरवत नाही, डोक्याला काय करावं लागतं त्यावरून ठरवतो. नुसत्या संख्यांची बेरीज-वजाबाकी असेल ते सर्वांत सोपं. त्यात दिशा आली की एक पायरी वर. दिशा कागदाच्या आत-बाहेर जायला लागली की आणखी एक. आणि सगळं काळानुसार बदलायला लागलं की शेवटची. चार पायऱ्या, चार आठवडे. यामुळे काही धडे मधोमध फुटतात. पोटेन्शियल हे क्षेत्राच्या आधी येतं, कारण पोटेन्शियलला दिशा नसते.

रोज किती वेळ द्यायचा?

दोन तास, आठवड्यातले सहा दिवस. पहिली पंचवीस मिनिटं सूत्रं न बघता लिहून काढायची, मग प्रश्न सोडवायचे आणि शेवटची पंधरा मिनिटं चुकांच्या वहीला. सातव्या दिवशी तोवर झालेल्या सगळ्या आठवड्यांचे मिसळलेले २० प्रश्न. सीईटीत भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात, म्हणून त्या तयारीतली चाचणी १८ मिनिटांत संपली पाहिजे. प्रश्न कुठून आणायचे? अप्पा बळवंत चौकात जुन्या प्रश्नपत्रिकांचे संच ढिगाने मिळतात. एकच घ्या आणि तो संपवा. तीन संच घेऊन प्रत्येकातली पहिली वीस पानं सोडवणारी मंडळी मला दरवर्षी भेटतात.

पहिल्या आठवड्यात काय?

सर्किट, कपॅसिटर आणि पोटेन्शियल. ओहमचा नियम, किरखॉफ, व्हीटस्टन ब्रिज, मीटर ब्रिज, गॅल्व्हानोमीटरचा अ‍ॅमीटर किंवा व्होल्टमीटर करणं. राज्य मंडळाच्या पुस्तकात पोटेन्शिओमीटर आहे, सीईटी देणाऱ्यांनी तो सोडू नये. शेवटचे दोन दिवस बिंदूभारांचं पोटेन्शियल आणि ऊर्जा. इथे एकच गोष्ट सांभाळायची, ती म्हणजे चिन्ह. किरखॉफ लावताना लूपमध्ये कुठल्या बाजूने फिरायचं ते आधी बाणाने काढा आणि मग मधेच बाजू बदलू नका. धारेची दिशा चुकीची धरली तर बिघडत नाही, उत्तर ऋण येतं इतकंच. फिरण्याची दिशा मधेच बदलली तर मात्र चूक हाताला लागत नाही.

कपॅसिटरमध्ये डायइलेक्ट्रिक घातलं की ऊर्जा वाढते की कमी होते? दोन्ही उत्तरं वाचली आहेत.

दोन्ही बरोबर आहेत. बॅटरी जोडलेली आहे का, हा खरा प्रश्न.

२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर १०० व्होल्टला चार्ज केला. चार्ज २०० मायक्रोकूलॉम्ब, ऊर्जा १० मिलिजूल. आता बॅटरी काढली आणि K = ४ असलेला डायइलेक्ट्रिक पूर्ण सरकवला. चार्जला जायला वाट नाही, तो २०० च राहतो. कपॅसिटन्स चौपट, म्हणून व्होल्टेज २५ वर येतं आणि ऊर्जा २.५ मिलिजूल उरते. बाकीची कुठे गेली? कपॅसिटर त्या पट्टीला स्वतःहून आत ओढतो, ते काम त्यातून झालं.

बॅटरी तशीच ठेवून पट्टी घातली तर व्होल्टेज १०० ला बांधलेलं राहतं. चार्ज ८०० होतो, ऊर्जा ४० मिलिजूल. ही वाढ बॅटरीने दिली.

म्हणून सूत्र लिहायच्या आधी समासात एक अक्षर लिहायचं: `Q` कायम की `V` कायम. Q कायम असेल तर ऊर्जेसाठी `U = Q²/2C` घ्या, V कायम असेल तर `U = ½CV²`. उलटं सूत्र घेतलं तरी गणित बरोबरच येतं, पण बदलणाऱ्या दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात आणि चुका तिथेच होतात.

दुसऱ्या आठवड्यात क्षेत्र येतं. पोटेन्शियल आधी केल्याने नक्की काय साधतं?

एका चौकोनात कळतं. बाजू a असलेल्या चौरसाच्या चार कोपऱ्यांवर सारख्या मापाचे भार ठेवा आणि मध्यबिंदूचं पोटेन्शियल व क्षेत्र काढा.

चारही +q असले तर पोटेन्शियल चारपट होतं आणि क्षेत्र शून्य, कारण समोरासमोरचे भार एकमेकांना काटतात. क्रमाने +q, +q, −q, −q ठेवले तर पोटेन्शियल शून्य, पण क्षेत्र शून्य नाही. कर्णाच्या एका टोकाला + आणि दुसऱ्या टोकाला − आहे, त्यामुळे दोघांचं क्षेत्र एकाच दिशेला. प्रत्येक कर्णावर `4kq/a²`, दोन कर्ण काटकोनात, म्हणून एकूण `4√2 kq/a²`. आणि +q, −q, +q, −q असे आलटूनपालटून ठेवले तर दोन्ही शून्य.

पहिल्या आठवड्यात पोटेन्शियलची बेरीज हातात बसलेली असली की इथे नवीन काय आहे ते स्वच्छ दिसतं: फक्त दिशा. ‘पोटेन्शियल शून्य म्हणजे क्षेत्र शून्य’ ही अडाणी समजूत या एका चौकोनाने कायमची जाते. हा चौकोन दुसऱ्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी करा, नंतर रिंग, डायपोल आणि गाऊस.

गाऊसचा नियम कळतो, पण प्रश्न आला की चुकतो.

बहुतेकांची चूक एकच असते. बंद पृष्ठातून जाणारा एकूण फ्लक्स फक्त आतल्या भारावर ठरतो, पण त्या पृष्ठावरच्या एखाद्या बिंदूचं क्षेत्र आतल्या-बाहेरच्या सगळ्या भारांमुळे असतं. प्रश्नात ‘बाहेरचा भार हलवला तर’ असं दिसलं की थांबा. विचारलंय काय, फ्लक्स की क्षेत्र?

दुसरी चूक `σ/ε₀` आणि `σ/2ε₀` यांची. पातळ भारित पत्र्याचं क्षेत्र दोन्ही बाजूंना वाटलं जातं, म्हणून निम्मं. कंडक्टरच्या आत क्षेत्र शून्य असतं, सगळं एकाच बाजूला निघतं, म्हणून पूर्ण.

तिसरा आठवडा सगळ्यांना का जड जातो?

कारण इथे बल वेगाच्या दिशेला नसतं, क्षेत्राच्याही दिशेला नसतं, दोघांना लंब असतं. आणि एक अगदी बावळट वाटणारं कारण आहे. परीक्षेत उजव्या हातात पेन असतं! मुलं पेन खाली ठेवत नाहीत आणि उजव्या हाताचा नियम डाव्या हाताने करतात. मला हे लक्षात यायला बरीच वर्षं लागली. तेव्हापासून वर्गात सांगतो, चुंबकत्वाच्या प्रश्नाला आधी पेन खाली. इलेक्ट्रॉन असेल तर आधी धन भार समजून दिशा काढा आणि शेवटी एकदाच उलटा. ऋण भारासाठी हात बदलण्याची युक्ती करू नका, गडबडीत ती दोनदा केली जाते.

या आठवड्यात बायो-सावार, अ‍ॅम्पियर, समांतर तारा, भारित कणाचा वर्तुळाकार मार्ग, सायक्लोट्रॉन आणि क्षेत्रात ठेवलेल्या कॉइलवरचा टॉर्क.

प्रोटॉन आणि अल्फा कणाच्या त्रिज्यांचं गुणोत्तर प्रत्येक संचात वेगळं का दिसतं?

कारण प्रश्नात काय सारखं ठेवलंय ते वेगळं असतं. सूत्र एकच, `r = mv/qB`. अल्फाचं वस्तुमान प्रोटॉनच्या साधारण चौपट, भार दुप्पट. क्षेत्र तेच.

दोघांचा वेग सारखा असेल तर अल्फाची त्रिज्या दुप्पट. संवेग सारखा असेल तर निम्मी, कारण आता फक्त भाराचा फरक उरतो. गतिज ऊर्जा सारखी असेल तर संवेग `√(2mK)`, म्हणजे अल्फाचा दुप्पट, भारही दुप्पट, त्रिज्या सारख्याच. आणि दोघांना सारख्या व्होल्टेजमधून धावायला लावलं तर ऊर्जा `qV` होते, अल्फाची दुप्पट, आणि गुणोत्तर √२ येतं.

दुप्पट, निम्मं, सारखं, √२. चारही उत्तरं पर्यायांत शेजारीशेजारी बसलेली असतात. हा एक प्रश्न चारही प्रकारे तिसऱ्या आठवड्यात दोनदा लिहून काढा. पाठ करू नका. ‘सारखं काय?’ हा शब्द प्रश्नात शोधून त्याखाली रेघ मारायची सवय लागणं इतकंच हवंय.

चुंबकीय पदार्थांचा धडा कुठे बसवायचा?

तिसऱ्या आठवड्याच्या शनिवारी, एक दिवस. डाया, पॅरा, फेरो यांतला फरक, क्युरीचा नियम, हिस्टेरेसिसच्या आलेखावर रिटेन्टिव्हिटी आणि कोअर्सिव्हिटी कुठे दिसते ते. यात खोल पाणी नाही.

चौथ्या आठवड्यात काय करायचं?

इंडक्शन आणि एसी, दोन्हीला तीन-तीन दिवस. विद्युतचुंबकीय लहरींना एसीच्या शेवटच्या दिवसातला तासभर द्या, `E = cB` आणि वर्णपटाचा क्रम येत असला की झालं.

इंडक्शनसाठी मी दांड्याचा प्रश्न घेतो, कारण मागचे तीन आठवडे त्यात एकत्र येतात. दोन समांतर आडवे रूळ, अंतर ०.५ मीटर, एका टोकाला २ ओहमचा रोध. वर आडवा धातूचा दांडा, घर्षण नाही. क्षेत्र ०.४ टेस्ला, रुळांच्या पातळीला लंब. दांडा सेकंदाला ५ मीटर वेगाने ओढला.

ईएमएफ `Blv`, म्हणजे १ व्होल्ट. धारा ०.५ अँपिअर, हे पहिल्या आठवड्याचं काम. त्या धारेवर बल `BIl`, म्हणजे ०.१ न्यूटन, हे तिसऱ्याचं. आता दिशा. बल दांड्याला अडवणारं असलंच पाहिजे. तुमच्या हाताच्या नियमाने ते ढकलणारं आलं तर दांडा आपोआप वेग घेईल, जास्त वेगाने जास्त धारा, जास्त धारेने जास्त बल, आणि फुकटात वीज तयार होईल. तसं होत नाही, म्हणजे तुमची दिशा चुकली. लेंझचा नियम मी मुलांना असाच तपासायला लावतो. शेवटचा पडताळा शक्तीचा: ओढणारा हात ०.१ गुणिले ५, म्हणजे ०.५ वॉट देतो. रोधात `I²R`, म्हणजे ०.२५ गुणिले २, पुन्हा ०.५ वॉट. हिशेब जुळला.

पण परीक्षेत दांडा सोडून देतात, तेव्हा काय करायचं?

तिथेच खरी गंमत आहे. त्याच दांड्याचं वस्तुमान १०० ग्रॅम, वेग ५, आणि आता हात काढला. थांबेपर्यंत तो किती अंतर जाईल?

घाईतला विद्यार्थी म्हणतो: बल ०.१ न्यूटन, वस्तुमान ०.१ किलो, म्हणजे मंदन १. मग `v² = 2as`, अंतर १२.५ मीटर. हा आकडा पर्यायांत हमखास असतो आणि चुकीचा असतो. वेग कमी झाला की धारा कमी होते, धारा कमी झाली की बलही कमी होतं. मंदन स्थिर नाही, म्हणून अकरावीचं ते सूत्र इथे चालत नाही.

मग वेळेनुसार समीकरण सोडवायचं का? गरज नाही. बलाने संवेग काढून घेतला, आणि बल गुणिले वेळ म्हणजे `Bl` गुणिले धारा गुणिले वेळ, म्हणजे `Bl` गुणिले एकूण वाहिलेला चार्ज. संवेग ०.५ होता, `Bl` आहे ०.२, म्हणून चार्ज २.५ कूलॉम्ब. हाच चार्ज दुसऱ्या वाटेनेही मिळतो, फ्लक्समधला बदल भागिले रोध, म्हणजे `Blx/R`. दोन्ही समान ठेवले की x = २५ मीटर. घाईच्या उत्तराच्या बरोबर दुप्पट.

उष्णता किती निर्माण झाली, असं विचारलं तर आणखी सोपं. सगळी गतिज ऊर्जा रोधात गेली, १.२५ जूल.

लक्षात ठेवायला हवी ती खूण अशी: प्रश्नात ‘किती वेळाने’ असेल तर घातांकी सूत्र लागणार, आणि इथे टाइम कॉन्स्टंट `mR/B²l²`, म्हणजे ५ सेकंद. ‘किती अंतर’, ‘किती चार्ज’, ‘किती उष्णता’ असेल तर संवेग आणि ऊर्जेवर भागतं.

हे हातात घेऊन बघायचं असेल तर तांब्याची किंवा अ‍ॅल्युमिनियमची नळी उभी धरून तिच्यातून निओडिमियमचा छोटा चुंबक सोडा. तो रमतगमत खाली येतो. गुरुवारी लाइट गेलेली असेल तेव्हाचा उत्तम उद्योग.

एसीमध्ये नेमकं काय अडतं?

व्होल्टेजची बेरीज. रोधावर ६०, इंडक्टरवर १२० आणि कपॅसिटरवर ४० व्होल्ट असतील तर मुलं २२० म्हणतात. इंडक्टर आणि कपॅसिटरची व्होल्टेज एकमेकांच्या उलट असतात, म्हणून १२० वजा ४०, म्हणजे ८०. ती रोधाच्या ६० शी काटकोनात, म्हणून सप्लाय १०० व्होल्ट. पॉवर फॅक्टर ०.६. सप्लाय १०० आणि इंडक्टरवर १२० कसे, असं वाटतं ना? वाटू द्या, पण गणितावर विश्वास ठेवा. एकट्या भागावरचं व्होल्टेज सप्लायपेक्षा जास्त असू शकतं. दुसरं, घरातले २३० व्होल्ट हे आरएमएस आहेत, पीक साधारण ३२५. प्रश्नात समीकरण दिलं असेल तर साइनच्या पुढचा आकडा पीक असतो.

जेईई मेन आणि सीईटी दोन्ही देतोय. वेगवेगळी तयारी करायची का?

आराखडा तोच, रविवारची चाचणी वेगळी. सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही. जेईई मेनमध्ये बरोबर उत्तराला ४ आणि चुकीच्या पर्यायाला वजा १. तिथे ७५ प्रश्नांना १८० मिनिटं, म्हणजे एकाला सव्वादोन मिनिटांहून थोडं जास्त. दांडा सोडून दिल्यासारखे प्रश्न जेईईकडे झुकतात, प्रोटॉन-अल्फा दोन्हीकडे. एक रविवार सीईटीचा, दुसरा जेईईचा असं आलटूनपालटून ठेवा.

मागे पडलो तर? आठवडा वाढवू का?

आधी कशामुळे मागे पडलात ते बघा. चुकांच्या वहीत तीन रकाने ठेवा: मांडणी चुकली, चिन्ह किंवा दिशा चुकली, आकडेमोड किंवा एकक चुकलं. तिसरा रकाना भरत असेल तर पुढे जा, तो सरावाने आटोक्यात येतो. मायक्रोचा १०⁻⁶ विसरणं हा त्यातला नेहमीचा गुन्हेगार. दुसरा रकाना भरत असेल तर त्याच आठवड्याचे आणखी दोन दिवस घ्या. पहिला भरत असेल तर एक पायरी खाली जा. दांड्याच्या प्रश्नात मांडणी जमत नसेल तर बहुतेक वेळा इंडक्शन कच्चं नसतं. धारा वाहत असलेल्या तारेवरचं बल, म्हणजे तिसरा आठवडा, कच्चा असतो.

वेळ खरंच संपत आली तर काय टाकायचं? रिंग आणि डिस्कची इंटिग्रेशनं टाका, त्यांची उत्तरं तेवढी लक्षात ठेवा. सर्किट टाकू नका, एसी टाकू नका.

मी आई आहे. मुलगी रोज दोन तास बसते, पण रविवारच्या चाचणीत गुण वाढत नाहीत. क्लास बदलावा का?

ताई, क्लासचं नंतर बघू. तिची चुकांची वही एकदा मागा. ती रिकामी असेल तर ती प्रश्न सोडवत नाहीये, सोडवलेले प्रश्न वाचतेय. उत्तर झाकून तोच प्रश्न चार दिवसांनी पुन्हा करायला सांगा. वही भरलेली असेल आणि तरी गुण तिथेच असतील, तर गेल्या दोन रविवारच्या पेपरांत कुठला रकाना जड आहे ते तिलाच मोजू द्या, आणि तो आकडा घेऊन तिच्या सरांकडे जा.